हिऱ्याचा रंग कसा ठरवतात: नव्या माणसासाठी, टेबलावर बसून

एकटा हिरा हातात घेऊन त्याचा रंग सांगता येत नाही. वीस वर्षं हिरे बघितलेल्या माणसालाही येत नाही. तो 'एच असेल' म्हणेल आणि बऱ्याचदा बरोबरही निघेल, पण तो अंदाज झाला. डोळ्याला पिवळेपणाचं माप लक्षात ठेवता येत नाही. दोन हिरे शेजारी ठेवले, की त्यातला कोणता जास्त पिवळा हे मात्र डोळा अचूक सांगतो. रंगाची प्रत ठरवण्याची सगळी पद्धत या एका क्षमतेवर उभी आहे. ती तुलना कुठे फसते आणि ती प्रामाणिक कशी ठेवायची, एवढंच या लेखात आहे.

आधी मोजपट्टी. आज जगभर चालते ती अमेरिकेतल्या 'जीआयए' या संस्थेने 1950 च्या दशकात रूढ केलेली 'डी' ते 'झेड' पट्टी. ती 'ए' पासून का सुरू होत नाही, हे प्रत्येक नवा माणूस विचारतो. त्याआधी बाजारात 'ए', 'डबल ए', 'ट्रिपल ए' अशा खुणांचा सुळसुळाट होता आणि ज्याची त्याची 'ए' वेगळी होती. म्हणून ती अक्षरं सोडूनच दिली. 'डी', 'ई', 'एफ' हे रंगहीन. 'जी' ते 'जे' जवळपास रंगहीन. 'के' ते 'एम' मध्ये पुसट झाक येते, 'एन' ते 'आर' अगदी फिकट पिवळे आणि 'एस' ते 'झेड' फिकट पिवळे. 'झेड' च्या पलीकडे रंग हाच गुण ठरतो, ते 'फॅन्सी यलो' हिरे निराळ्या पद्धतीने बघतात. जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'रिव्हर', 'वेसेल्टन', 'केप' ही नावं येतात. वेसेल्टन ही दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीजवळची खाण आणि केप म्हणजे तिथलाच तेव्हाचा केप प्रांत. पिवळसर मालाला 'केप' म्हणायची सवय तिथून आली.

पिवळेपणा येतो नायट्रोजनमुळे. हिरा म्हणजे कार्बन, पण वाढताना त्यात थोडे नायट्रोजनचे अणू अडकतात. बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत या अणूंचे ठरावीक गट तयार होतात आणि ते प्रकाशातला जांभळा-निळा भाग थोडा शोषून घेतात. निळा कमी झाला की उरलेलं पिवळसर दिसतं. यातला निळ्याशी असलेला संबंध लक्षात ठेवा, पुढे फ्लुरोसन्सपाशी, म्हणजे अतिनील प्रकाशात हिरा चमकतो तिथे, तोच आडवा येणार आहे.

मास्टर स्टोन म्हणजे काय

तुलना करायची तर कशाशी? त्यासाठी ज्यांचा रंग नक्की ठरलेला आहे अशा हिऱ्यांचा संच लागतो. बाजारात त्यांना सरळ 'मास्टर' म्हणतात. शिकणाऱ्याला 'ई' ते 'के' असा सात दगडांचा संच पुरतो. परवडत नसेल तर एक सोडून एक: 'ई', 'जी', 'आय', 'के'. मास्टर गोल ब्रिलियंटच हवेत, चांगल्या कटचे हवेत, पाव कॅरेटपेक्षा लहान नकोत आणि एकमेकांत साधारण दहा सेंटपेक्षा, म्हणजे कॅरेटच्या दहाव्या हिश्शापेक्षा, जास्त फरक नको. आत रंगीत डाग नको, तपकिरी किंवा करडी झाक नको. आणि अतिनील दिव्याखाली एकही चमकता कामा नये.

आता या सगळ्या विषयातली सर्वात महत्त्वाची गोष्ट, आणि नव्या माणसांपैकी निम्मे इथेच चुकतात. प्रत हा बिंदू नसतो, पट्टा असतो. 'जी' म्हणजे एक ठरलेला पिवळेपणा नव्हे. इथपासून तिथपर्यंतचे सगळे हिरे 'जी'. जीआयएच्या पद्धतीत 'जी' चा मास्टर हा त्या पट्ट्याच्या मधला हिरा नसतो, तो त्याच्या वरच्या काठावर, म्हणजे सर्वात कमी पिवळ्या टोकाला बसतो. म्हणून नियम असा: तुमचा हिरा 'जी' मास्टरइतकाच पिवळा असेल तर 'जी'. 'जी' मास्टरपेक्षा जास्त पण 'एच' मास्टरपेक्षा कमी पिवळा असेल, तरीही 'जी'. 'एच' मास्टरला येऊन भिडला की 'एच'. संचात 'डी' चा मास्टर का नसतो, हेही यातून उलगडतं. 'ई' मास्टरपेक्षा जो स्वच्छ, तो आपोआप 'डी'.

हे कळलं की पुढचा मोह टाळता येतो. सर्टिफिकेटवर 'जी' लिहिलेला एखादा हिरा घ्यायचा आणि तोच मास्टर म्हणून वापरायचा, हा तो मोह. तो हिरा 'जी' आहेच, पण पट्ट्यात नेमका कुठे आहे? समजा खालच्या काठाजवळ, 'एच' ला लागून आहे. मग खऱ्या 'जी' चे बरेचसे हिरे त्याच्यापेक्षा स्वच्छ दिसतील आणि तुम्ही त्यांना बेधडक 'एफ' लिहाल. एका चुकीच्या मास्टरने पुडीच्या पुडी एक प्रत वर चढते. मास्टर म्हणून खास तपासून घेतलेलाच हिरा वापरावा. क्युबिक झिर्कोनियाचे स्वस्त संच मिळतात. हात बसवायला ते ठीक, पण काहींचा रंग काळानुसार बदलतो. त्यांच्या भरवशावर माल विकत घेऊ नये.

जागा आणि प्रकाश

जुनी पद्धत उत्तरेकडच्या खिडकीची. आपल्याकडे उत्तरेचा प्रकाश बहुतेक वेळा थेट उन्हाचा नसतो, दिवसभर त्यातल्या त्यात सारखा राहतो. पण मुंबईत जूनमध्ये ढग, ऑक्टोबरमध्ये झळझळीत ऊन, संध्याकाळी पाचनंतर प्रकाश लालसर. म्हणून आता दिवा वापरतात: दिवसाच्या प्रकाशासारखी, साधारण 6500 केल्व्हिनची ट्यूब. ट्यूब आणि हिरा यांत 20 ते 25 सेंटिमीटर अंतर ठेवायचं आणि ते रोज तेवढंच ठेवायचं. खोलीतले इतर दिवे बंद, खिडकीला पडदा. घरगुती पिवळसर बल्बखाली सगळेच हिरे सारखे दिसतात. दुकानातल्या स्पॉटलाइटखाली तर सगळेच सुंदर दिसतात, तो तिथे त्यासाठीच लावलेला असतो.

हिरा ठेवायला पांढरा, खाचेत दुमडलेला ट्रे किंवा कार्ड हवं. इथे एक फसवी गोष्ट आहे. झेरॉक्सचा कागद डोळ्याला शुभ्र दिसतो, कारण त्यात निळसर चमक देणारं रसायन असतं. नीळ दिलेल्या धोतरासारखंच. तो निळेपणा हिऱ्याच्या पिवळ्यावर उतरतो आणि हिरा एक पायरी चांगला वाटतो. अतिनील टॉर्चखाली धरून बघा, कागद निळा पेटला तर तो बाजूला ठेवा. बाजारातल्या हिऱ्यांच्या पुड्यांना आतून पातळ निळसर कागद का असतो, हेही आता लक्षात आलं असेल. पुडीतून हिरा बाहेर काढून पांढऱ्या कार्डावर ठेवल्याशिवाय रंगाबद्दल तोंड उघडू नये.

मी शिकत होतो तेव्हा एका कार्यालयात दोन महिने माझी प्रत सतत अर्धी पायरी खाली जात होती. शेवटी वरिष्ठ काका येऊन माझ्या शेजारी बसले, हिऱ्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "उद्यापासून हा शर्ट घालून येऊ नकोस." आठवड्यातून चार दिवस मी पिवळट रंगाचा शर्ट घालत होतो. तेव्हापासून कामाला पांढरा किंवा राखाडी.

हिरा धुणं

हाताचं तेल, पुडीतली धूळ, कमरेच्या, म्हणजे हिऱ्याच्या सर्वात रुंद घेराच्या, खरखरीत कडेवर बसलेला मळ, हे सगळं रंगासारखं दिसतं. घोटून गुळगुळीत न केलेल्या कमरेवर तर मळ हमखास बसतो. कारखान्यात हिरे आम्लात उकळतात. ते काम घरी करायचं नाही. आपल्यासाठी स्पिरिट आणि धागे न सोडणारं कापड पुरे. त्यानंतर चिमट्यानेच धरायचं, बोट लावायचं नाही.

धुण्यामागे आणखी एक कारण आहे. कमरेवर जांभळ्या शाईचा किंवा कॉपिंग पेन्सिलचा एक ठिपका दिला की पिवळा हिरा पांढरा दिसू लागतो, कारण जांभळा आणि पिवळा एकमेकांना मारतात. ही लबाडी जुनी आहे. साधी शाई स्पिरिटने निघते, म्हणून धुण्याआधी आणि धुतल्यानंतर असे दोन्ही वेळा बघा. धुतल्यावर हिरा पिवळा झाला तर आधी तो काय होता ते कळतं. पक्का लेप असेल तर तो स्पिरिटने निघत नाही, तेव्हा दहापट भिंगातून कमरेजवळ आणि तळाच्या पैलूंवर डाग, ओरखडे किंवा इंद्रधनुषी तेलकटपणा शोधावा लागतो.

बघायचं कसं

हिरा पालथा ठेवा. टेबल म्हणजे वरचा सपाट पैलू खाली, टोक वर. सरळ ठेवलेला हिरा वरून बघितला की चकाकी आणि रंगीत ठिणग्या इतक्या उडतात की मधला पिवळेपणा लपतो. पैलू पाडतानाच तसं गणित केलेलं असतं. पालथ्या हिऱ्यात बाजूने, तळाच्या उतरत्या पैलूंवर काटकोनात नजर टाकली की ती चकाकी जाते आणि दगडाचा अंगचा रंग उरतो. नंतर नजर थोडी खाली आणून कमरेच्या रेषेतूनही बघा. पैलूंवर ट्यूबचं प्रतिबिंब चमकत असेल तर हिऱ्यावर हलकी फुंकर घाला. क्षणभर वाफ धरते, चमक मरते आणि रंग दिसतो. त्या एका क्षणातच निर्णय घ्यायचा.

मास्टर ओळीने मांडा, डावीकडे 'ई', उजवीकडे 'के'. दोन दगडांत थोडं अंतर ठेवा, एकमेकांना टेकले तर एकाचा रंग दुसऱ्यात शिरतो. आता तुमचा हिरा ओळीत साधारण जागा शोधत सरकवा. सुरुवातीला ठळक फरक बघायचा: 'ई' पेक्षा पिवळा? 'के' पेक्षा स्वच्छ? असं दोन्ही बाजूंनी आत येत दोन शेजारी मास्टरच्या मधे पोहोचायचं.

इथून पुढे डोळा खोड्या काढतो. अगदी सारखे दोन हिरे शेजारी ठेवा. बहुतेकांना त्यातला एका ठरावीक बाजूचा, समजा उजवीकडचा, किंचित गडद वाटतो. जागा बदला, पुन्हा उजवीकडचाच गडद वाटतो. दोष डोळ्याचा असतो. म्हणून प्रत्येक मास्टरच्या आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला हिरा ठेवून बघायचा. एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिका दिसला तर दोघे सारखे. दोन्ही बाजूंना गडद, किंवा एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला सारखा दिसला, तर तो खरोखर गडद. फिक्याचंही तसंच. तुमची कोणती बाजू गडद दिसते ते पहिल्या आठवड्यातच शोधून काढा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. माझी डावी.

एकटक बघू नका. पाच-सात सेकंदांत पहिलं मत येतं आणि बहुधा तेच खरं असतं. त्यानंतर डोळा दोन दगडांना जुळवून घेऊ लागतो आणि फरक पुसट होतो. मत आलं नाही तर मान वर करा, राखाडी भिंतीकडे बघा, मग परत या.

एक हिरा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा 1.03 कॅरेटचा गोल हिरा आला आहे. धुतला, शाई नाही, आत पिसासारखी एक बारीक पांढरी चीर, रंगीत काही नाही. मास्टर तीस सेंटच्या आसपासचे आहेत. आकाराचा फरक इथेच त्रास देतो. मोठ्या दगडात प्रकाशाची वाट लांब असते, त्यामुळे तो एकंदरीत अधिक पिवळा भासतो. म्हणून पूर्ण हिऱ्याशी पूर्ण हिरा ताडून बघायचा नाही. टोकाजवळचा भाग टोकाजवळच्या भागाशी, कमरेजवळचा कमरेजवळच्या भागाशी.

'ई' शेजारी ठेवला, लगेच पिवळा. 'के' शेजारी, लगेच स्वच्छ. 'आय' च्या दोन्ही बाजूंना स्वच्छ. आता 'एच'. हे बघणाऱ्याची गडद बाजू उजवी आहे असं धरू. 'एच' च्या उजवीकडे ठेवला तर सारखा वाटला, डावीकडे ठेवला तर स्पष्ट स्वच्छ. उजवी बाजू गडद दाखवत असूनही तो फक्त बरोबरीला आला, म्हणजे खरोखर तो 'एच' पेक्षा स्वच्छ आहे. आता 'जी'. उजवीकडे गडद, डावीकडे सारखा. म्हणजे 'जी' पेक्षा किंचित पिवळा. 'जी' मास्टरच्या खाली, 'एच' मास्टरच्या वर. प्रत 'जी'.

पेन खाली ठेवायच्या आधी अंधारात अतिनील दिव्याखाली धरला. निळा चमकला, मध्यम. मास्टर मात्र अंधारे राहिले.

म्हणजे काय झालं? ट्यूबमध्ये, दिवसाच्या प्रकाशात असतो तसा, थोडा अतिनील असतोच. त्याने हिरा आतून थोडा निळा उजळतो आणि नायट्रोजनने खाल्लेल्या निळ्याची भरपाई होते. हिरा आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो. किती, ते बघायला ट्यूब आणि ट्रे यांच्यामध्ये अतिनील अडवणारा पॉलीकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा धरला आणि पुन्हा तीच तुलना केली. आता तो 'एच' च्या एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिका. म्हणजे 'एच' च्या बरोबरीला आला. मास्टर चमकत नाहीत म्हणूनच हा सरकलेला फरक दिसला. तेही चमकणारे असते तर दोन्ही बाजू एकत्र सरकल्या असत्या आणि काहीच कळलं नसतं.

मग लिहायचं काय? ठरलेल्या प्रकाशात जे दिसलं ते: 'जी', आणि त्याच्यापुढे 'मध्यम निळी फ्लुरोसन्स'. पण वहीत स्वतःसाठी 'जी, पत्र्याखाली एच' अशी नोंद करावी. हा हिरा उद्या प्रयोगशाळेत 'एच' होऊन आला तर आश्चर्य वाटायला नको. काठावरच्या दगडाला दोन प्रशिक्षित माणसं शेजारच्या दोन प्रती देऊ शकतात आणि दोघांपैकी कोणी चुकलेलं नसतं. दोन प्रतींचा फरक आला तर मात्र कुणाचा तरी दिवा, मास्टर किंवा डोळा तपासायला हवा. असा हिरा विकत घेताना मी भाव 'एच' चा धरतो.

जिथे ही पद्धत अडखळते

तपकिरी झाकेच्या मालात नवे लोक गोंधळतात, कारण मास्टर सगळे पिवळे. तिथे रंगाची जात विसरायची आणि फक्त गडदपणा जुळवायचा. डोळे थोडे बारीक करून बघितलं की ते सोपं जातं. 'के' पासून खाली तपकिरी असेल तर अक्षराबरोबर 'पुसट तपकिरी' यासारखा शब्दही लिहितात.

बदाम, पेअर, मार्कीज असल्या लांब आकारात टोकाशी रंग साठतो. लांबीकडून बघितलं तर गडद, रुंदीकडून बघितलं तर फिका. गोल मास्टरशी जुळणारी दिशा बहुधा तिरकस असते, तिथून बघा.

अंगठीत बसवलेल्या हिऱ्याला एक अक्षर देऊ नका. पिवळ्या सोन्याचा रंग कमरेतून आत जातो, पालथा ठेवता येत नाही, मास्टर शेजारी नीट बसत नाही. 'जी ते आय' एवढंच सांगता येतं आणि तेवढंच सांगावं. घरातल्या कुणी आजीची कुडी आणून "नक्की काय ते सांग" म्हणून हट्ट धरला, तरी.

काम संपवताना

मास्टर आणि तपासायचा हिरा एकाच ट्रेमध्ये असतात, दोन्ही गोल, कधी वजनातही जवळ. चिमट्यातून एक उडाला, दुसरा घसरला की कोणता कोणता ते डोळ्याने कळणार नाही, आणि चुकून तुमचा 'एच' मास्टर गिऱ्हाइकाच्या पुडीत गेला तर पुढचे सहा महिने तुमचे सगळे 'एच' त्या चुकीच्या दगडावर ठरतील. म्हणून प्रत्येक मास्टरचं वजन सेंटच्या दहाव्या हिश्शापर्यंत आणि त्याच्यातल्या एखाद्या खुणेचं छोटं चित्र वहीत असलं पाहिजे. डबी बंद करायच्या आधी सातही दगड काट्यावर ठेवून वहीशी जुळवा. आकडा जुळला नाही तर दार लावून घ्या आणि जमिनीवर बघायला सुरुवात करा. टेबलाच्या पायाशी, आणि त्याआधी स्वतःच्या पँटच्या घडीत.